कंट्रोलची कुंडी आणि पंचेचाळीस जोड्या

भोपाळला बेरसिया रोडवर, नबीबागेत, भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. १९८८ साली ती सुरू झाली. देशभरच्या दीर्घकालीन खत प्रयोगांचा समन्वय इथूनच होतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये हा प्रकल्प हाती घेतला. जबलपूरच्या काळ्या जमिनीत सोयाबीन-गव्हावर तो १९७२ पासून चालू आहे, आणि आपल्याकडे अकोल्याला नि परभणीलाही त्याची केंद्रे आहेत. त्याच वाफ्यात तेच खत, वर्षानुवर्षे. एका वाफ्याला शिफारशीच्या निम्मे नत्र-स्फुरद-पालाश, एकाला पूर्ण, एकाला दीडपट. पूर्ण मात्रेवर कुठे जस्त जास्तीचे, कुठे शेणखत, कुठे हाताने खुरपणी. कुठे गंधक वगळलेले, कुठे पालाश वगळलेला, कुठे नुसते नत्र. आणि एका वाफ्याला काहीच नाही, तो कंट्रोल. दहा उपचार, प्रत्येकाच्या साधारण चार पुनरावृत्त्या.

मी भोपाळमध्ये बरीच वर्षे विद्यार्थ्यांना सांख्यिकी शिकवली. कुंडीतल्या मेथीपासून शेतातल्या सोयाबीनपर्यंत त्यांचे प्रयोग तपासले. प्रयोग करताना मुले फार कष्ट करतात. चूक होते ती शेवटच्या दोन पानांवर, अनोव्हाचा होकार आल्यानंतर. त्या दोन पानांवरून पुढे खताची शिफारस ठरते, बाटली विकली जाते, सीहोर-विदिशाचा शेतकरी पैसे मोजतो. म्हणून हा विषय मला प्रयोगशाळेपुरता वाटत नाही. माझे म्हणणे मुद्द्यांनी मांडतो.

१. अनोव्हा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो

प्रसरण विश्लेषण, म्हणजे ज्याला सगळे अनोव्हा म्हणतात, ते एवढेच विचारते: या सगळ्या गटांच्या सरासऱ्या खरोखर सारख्या असत्या, तर त्यांच्यात आज दिसतो एवढा पसारा नुसत्या योगायोगाने पडला असता का? उत्तर 'नाही' आले, तर 'सगळे सारखे नाहीत' एवढेच आपण म्हणू शकतो. कोण कोणापेक्षा वेगळा, हे त्याने सांगितलेले नसते.

याचे एक उत्तम उदाहरण आर या मोफत सॉफ्टवेअरमध्येच बसवलेले आहे. ॲनेट डॉब्सन यांच्या १९८३ च्या पुस्तकातून घेतलेली ती आकडेवारी. तीस रोपे, दहा-दहांचे तीन गट: एक कंट्रोल आणि दोन उपचार. रोपे वाळवून त्यांची वजने घेतलेली. कोणत्याही महाविद्यालयाच्या संगणकावर तीन ओळींत हे तपासता येते:

```
m <- aov(weight ~ group, data = PlantGrowth)
summary(m)
TukeyHSD(m)
```

कंट्रोलची सरासरी ५.०३२, पहिल्या उपचाराची ४.६६१, दुसऱ्याची ५.५२६. अनोव्हाचा एफ ४.८५ येतो आणि पी ०.०१६. म्हणजे पाच टक्क्यांची पातळी सहज पार. इथे थांबलेला विद्यार्थी लिहितो, 'उपचारांचा वाढीवर लक्षणीय परिणाम झाला'. हे वाक्य मी कितीदा तरी खोडले आहे.

आता तिसऱ्या ओळीचे उत्तर पाहा. टुकी यांच्या कसोटीने तिन्ही जोड्या तपासल्या, तर पहिला उपचार कंट्रोलपेक्षा ०.३७१ ने कमी, पी ०.३९१. दुसरा कंट्रोलपेक्षा ०.४९४ ने जास्त, पी ०.१९८. दोन्ही नापास. पास होते ती एकच जोडी, दुसरा उपचार विरुद्ध पहिला: फरक ०.८६५, पी ०.०१२. म्हणजे अनोव्हाचा होकार आला तो दोन उपचार एकमेकांपासून दूर गेले म्हणून. 'काहीच न देण्यापेक्षा' दोन्हींपैकी एकही वेगळा सिद्ध झालेला नाही. दुसरा उपचार ही एखादी बाटली असती आणि तिच्यावर 'प्रयोगाने सिद्ध, वाढ लक्षणीय' असे छापले असते, तर अनोव्हाचा तक्ता खरा असूनही ते वाक्य खोटे ठरले असते.

२. जोड्या वाढल्या की खोटे होकार वाढतात

पाच टक्के पातळी म्हणजे, खरा फरक नसताना एका तुलनेत शंभरातून पाच वेळा आपण 'फरक आहे' म्हणून फसू. एका तुलनेला हा धोका पत्करायला हरकत नाही. पण तीन गटांत तीन जोड्या होतात, सहांत पंधरा, आणि दीर्घकालीन प्रयोगासारख्या दहा उपचारांत पंचेचाळीस. प्रत्येक जोडीला तीच पाच टक्क्यांची सूट दिली, तर दहाही उपचार अगदी सारखे असताना कुठेतरी निदान एक खोटा होकार निघण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास जाते. काही जण ०.९५ चा पंचेचाळिसावा घात काढून ही शक्यता नव्वद टक्के सांगतात. ते बरोबर नाही. जोड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, तीच सरासरी नऊ जोड्यांत येते. पण साठ टक्के म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा वाईटच.

हे असे का होते, ते एकदा आकड्यांनी पाहिले की पुन्हा विसरायला होत नाही. आपल्याकडे कृषीच्या प्रत्येक तक्त्याखाली दोन आकडे असतात: एसई(एम) आणि सीडी. एसई(एम) म्हणजे एका सरासरीची प्रमाण त्रुटी. सीडी म्हणजे क्रांतिक फरक, दोन सरासऱ्यांत याहून जास्त अंतर असेल तर फरक 'लक्षणीय'. दहा उपचार, चार पुनरावृत्त्या, तर त्रुटीच्या मुक्ततेच्या मात्रा २७ आणि सीडी येतो एसई(एम)च्या २.९ पट.

आता एकाच पिशवीतले बी घ्या, दहा गट करा, सगळ्यांना सारखेच खत-पाणी द्या. दहा सरासऱ्या निघतील. त्यांतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान यांच्यात सरासरीने किती अंतर पडेल? एसई(एम)च्या ३.०८ पट. म्हणजे काहीही फरक नसताना पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकातले अंतर सर्वसाधारणपणे सीडीच्या पुढेच असते! सीडी हा मुळात आधी ठरवलेल्या दोन गटांसाठी आहे. आपण मात्र निकाल पाहतो, वरचा नि खालचा उचलतो आणि त्या जोडीला तोच सीडी लावतो. दहा मुलांच्या रांगेतून सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटका बाहेर काढायचा, आणि मग 'बघा, दोन मुलांत किती फरक' म्हणून आश्चर्य करायचे, तसे हे आहे.

३. कंट्रोल दार उघडतो आणि सगळे आत शिरतात

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: 'सर, आम्ही एफ लक्षणीय आला तरच सीडी लावतो.' ही अट रोनाल्ड फिशर यांची, १९३५ च्या त्यांच्या प्रयोग-रचनेवरच्या पुस्तकातली. सगळे उपचार खरोखर सारखे असतील तर ही अट छान राखण करते. शंभरातून पंच्याण्णव वेळा एफच नकार देतो आणि पुढची गोष्टच थांबते.

पण शेतीच्या प्रयोगात सगळे उपचार सारखे असतात कधी? त्यात कंट्रोल असतो. दीर्घकालीन प्रयोगातल्या कंट्रोलला तर पन्नास वर्षांत खताचा दाणा मिळालेला नाही. तिथला गहू बाकीच्यांच्या मागे राहणार हे प्रयोग न करताही सांगता येते. त्या एका उपाशी वाफ्यामुळे एफ लक्षणीय येतो, दरवर्षी येतो. दार उघडते. आणि मग उरलेले नऊ उपचार, ज्यांच्यात कदाचित काडीचाही फरक नाही, आपापसांतल्या छत्तीस जोड्या घेऊन त्याच उघड्या दारातून आत येतात. नऊ सारख्या गटांत वरच्या-खालच्यातले अपेक्षित अंतर एसई(एम)च्या २.९७ पट, आणि सीडी २.९ पट. खोटा होकार निघण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास. फिशर यांच्या अटीने राखण केली ती फक्त रिकाम्या घराची.

हे मी एका मुलीच्या प्रयोगात फार जवळून पाहिले. सहा उपचार, प्रत्येकी चार कुंड्या, पीक मेथी. रोपे मुळांसकट उपटून, धुऊन, खाकी कागदी पाकिटांत घालून ७० अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेली. पाकिटांवर पेन्सिलीने कुंडीचा क्रमांक. शाई ओव्हनमध्ये पसरते हे तिला आधीच्या वर्षीच्या मुलांनी सांगितले होते. काम इतके नेटके होते की तक्ता हातात घेताना मला आनंद झाला. ती धावत आली होती. म्हणाली, "सर, सी और ई सिग्निफिकंट आ गया!" सी आणि ई ही दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलेली द्रवखते होती.

मी तिला एवढेच सांगितले: कंट्रोलच्या चार ओळी बाजूला ठेव आणि उरलेल्या पाच गटांचा अनोव्हा पुन्हा चालव. तिने तिथेच बसून चालवला. एफ अलक्षणीय. पहिला सगळा होकार कंट्रोलच्या चार पिवळ्या, खुरट्या कुंड्यांचा होता. उरलेल्या पाच गटांत एकमेकांशी भांडण लावण्याइतका पुरावाच नव्हता. पाच सारख्या गटांच्या दहा जोड्यांत असा एखादा खोटा होकार साधारण चारांत एकदा निघतो, आणि तिला तो निघाला होता. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "तो फिर बारह हफ़्ते का क्या हुआ?" वाया काहीच गेले नव्हते. पाचही खतांनी कंट्रोलला मागे टाकले, हे तिच्या प्रयोगाने पक्के दाखवले होते. सी विरुद्ध ई एवढे दाखवले नव्हते.

कंट्रोल काढून पाहणे हा अंतिम निकाल नव्हे. ती तपासणी आहे, ताप पाहण्यासारखी. अंतिम विश्लेषण सगळ्या कुंड्या धरूनच करायचे, कारण त्रुटीचा अंदाज जितक्या कुंड्यांवरून येतो तितका भरवशाचा. पण एफचा होकार कुणाच्या जिवावर आला, हे पाच मिनिटांत कळते. प्रत्येक मार्गदर्शकाने हे एकदा करून पाहावे.

४. अ, ब, क अक्षरांच्या मागे कोणती कसोटी आहे?

सीडी आपल्याकडे घट्ट रुजला, त्यात दोन मराठी सांख्यिकीतज्ज्ञांच्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. वि. गो. पानसे यांनी शेजारच्या इंदूरला, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, कापसावर काम केले. पां. वा. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. दोघांचे कृषी कार्यकर्त्यांसाठीचे सांख्यिकीचे पुस्तक १९५४ मध्ये परिषदेने छापले, आणि आजही कृषीच्या प्रबंधांत 'पानसे-सुखात्मे' हा संदर्भ हमखास भेटतो. त्या काळी हिशेब हाताने किंवा यंत्राच्या मुठी फिरवून होत. एक एसई(एम), एक सीडी, तक्त्याखाली दोन आकडे, यातून वाचकाला स्वतः पडताळणी करता येई. त्या पुस्तकाने या देशातल्या शेतीप्रयोगांना शिस्त लावली, याबद्दल मला आदरच आहे. पण आता हिशेबाचे कष्ट उरलेले नाहीत. तेव्हा पंचेचाळीस जोड्यांना एकच सीडी लावण्याचे कारणही उरलेले नाही.

सीडी सोडून पुष्कळ जण डंकन यांच्या कसोटीकडे गेले. १९५५ सालची ही कसोटी, आपल्याकडे डीएमआरटी म्हणून ओळखली जाणारी. तक्त्यात सरासऱ्यांपुढे अ, अब, ब, क अशी अक्षरे येतात आणि सगळे फार शास्त्रीय दिसते. पण डंकन यांनी मुद्दामच सैल नियम ठेवला: जितके जास्त गट एका पट्ट्यात, तितकी जास्त सूट. दहा गटांना ही सूट १ वजा ०.९५ चा नववा घात इतकी होते, म्हणजे ३७ टक्के (नऊ, कारण दहा गटांत नऊ पायऱ्या). वाचकाला वाटते की खाली 'पाच टक्के' लिहिले आहे म्हणजे पाच टक्केच. टुकी यांच्या कसोटीत मात्र पाच टक्के हे सगळ्या जोड्यांच्या कुटुंबाला मिळून असतात. अक्षरे दोन्हींत सारखीच दिसतात. म्हणून कसोटीचे नाव न लिहिता दिलेली अक्षरे मी पुरावा मानत नाही.

५. प्रश्न पेरणीपूर्वी लिहा

आता यावर उपाय काय? तो नबीबागेतून चालणाऱ्या त्या प्रयोगाच्या रचनेतच आहे. दहा उपचार पुन्हा वाचा. ते दहा घोडे शर्यतीत उतरवलेले नाहीत. ते प्रश्न आहेत. पूर्ण मात्रा विरुद्ध पालाश वगळलेली मात्रा, हा प्रश्न पालाशचा. नत्र-स्फुरद विरुद्ध नुसते नत्र, हा स्फुरदाचा. पूर्ण मात्रा आणि तिच्यावर जस्त, हा जस्ताचा. पूर्ण मात्रा आणि तिच्यावर शेणखत, हा शेणखताचा. हाताने खुरपणीचा एक. गंधकाचा एक: तिथे स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटऐवजी डीएपीतून देतात, कारण सुपर फॉस्फेटमध्ये सुमारे १२ टक्के गंधक असते आणि डीएपीत नसते. निम्मी, पूर्ण, दीडपट हा मात्रेचा चढ, तिथे तीन जोड्या करायच्याच नसतात. मात्रा वाढली तसे उत्पन्न कसे वाढत गेले, हा एक रेषेचा प्रश्न आहे. मोजा: सात प्रश्न. 'नुसते नत्र विरुद्ध हाताने खुरपणी' या जोडीला कुणाच्याही लेखी अर्थ नाही, पण पंचेचाळिसांच्या यादीत ती असते आणि आपल्या वाट्याचा खोटा होकार घेऊन येते.

सात प्रश्न आधी लिहून ठेवले की दुरुस्तीही हलकी होते. होल्म यांची १९७९ ची पद्धत यासाठी सोपी आहे, कागदावर करता येते. सातही पी लहानापासून मोठ्यापर्यंत लिहायचे. पहिल्याला ०.०५ भागिले ७, म्हणजे ०.००७१ ही मर्यादा. दुसऱ्याला ०.०५ भागिले ६, तिसऱ्याला भागिले ५, असे पुढे. जिथे पहिला नापास होईल तिथे थांबायचे, पुढचे सगळे नापास. समजा पी आले ०.००१, ०.००४, ०.००९, ०.०२० आणि बाकीचे मोठे. पहिला ०.००७१ च्या आत, पास. दुसरा ०.००८३ च्या आत, पास. तिसरा ०.०१ च्या आत, पास. चौथ्याची मर्यादा ०.०१२५, आणि तो ०.०२०. नापास, इथे थांबलो. तो ०.०२० एकटा असता तर छातीठोकपणे छापला गेला असता. सातांच्या सोबतीत तो पुरेसा नाही.

सगळ्या उपचारांची तुलना एकाच प्रमाणाशी करायची असेल, म्हणजे कंट्रोलशी किंवा शिफारशीच्या पूर्ण मात्रेशी, तर डनेट यांची १९५५ ची कसोटी वापरावी. ती फक्त तेवढ्याच जोड्यांचा हिशेब धरते. आणि मग एक गोष्ट पेरणीच्या वेळीच करावी, जी मी फार थोड्या प्रयोगांत पाहिली: प्रमाणाच्या कुंड्या जास्त ठेवाव्यात. ते प्रत्येक तुलनेत येते, त्याची सरासरी डळमळीत असेल तर सगळ्याच तुलना डळमळतात. डनेट यांच्या लेखातला साधा नियम असा की, उपचार नऊ असतील तर प्रमाणाच्या कुंड्या प्रत्येक उपचाराच्या तिप्पट, कारण नवाचे वर्गमूळ तीन. उपचारांना चार-चार, तर प्रमाणाला बारा.

आणि खरोखर दहा वाण आहेत, कोणताही आधीचा प्रश्न नाही, सगळ्यांची सगळ्यांशी तुलना हवी आहे, तर टुकी. तिथे सूट मागू नये.

६. कडकपणाची किंमत मान्य करा

माझ्या म्हणण्याला एक खरा विरोध आहे आणि तो मी टाळणार नाही. दहा उपचार, चार पुनरावृत्त्या, एसई(एम) समजा हेक्टरी दीड क्विंटल. सीडी येईल सुमारे ४.४ क्विंटल. टुकी यांचा फरक येईल सुमारे ७.३ क्विंटल. म्हणजे पाच क्विंटलांचा खरा फायदा देणारे खत टुकी यांच्या चाळणीत अडकेल. शेतकऱ्याला खोट्या होकाराने जसे नुकसान, तसे खोट्या नकारानेही. हा आक्षेप घेणारे लोक चांगले सांख्यिकीतज्ज्ञ आहेत, आणि त्यामुळेच काही जण अजून सीडीच्या बाजूने उभे राहतात.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? चाळणीची भोके मोठी करायची, की चाळणीत टाकायचे कमी करायचे? पाच क्विंटलांचा फरक पाहायचाच असेल, तर उपचार दहाऐवजी पाच ठेवा आणि त्याच जमिनीत पुनरावृत्त्या दुप्पट करा. पुनरावृत्त्या चारांच्या आठ झाल्या की एसई(एम) सुमारे तीस टक्के उतरतो. ही किंमत प्रयोगाने द्यावी, शेतकऱ्याने नव्हे.

आणखी एक गळती आहे, जी कोणतीही कसोटी बंद करू शकत नाही. टुकी एका तक्त्यातल्या जोड्या सांभाळतो. पण विद्यार्थी उंची, पानांची संख्या, फांद्या, मुळांची लांबी, ओले वजन, सुके वजन, क्लोरोफिल, हे सगळे ३०, ४५ आणि ६० दिवसांनी मोजतो. एकवीस तक्ते झाले, आणि प्रबंधाच्या सारांशात येतात ते ज्यांत तारका लागल्या तेवढेच. म्हणून मुख्य मोजमाप कोणते, हेही आधीच एका ओळीत लिहावे: '६० दिवसांनंतरचे सुके वजन'. बाकीचे जरूर मोजावे, छापावे, पण त्यांना पूरक म्हणावे.

७. भोपाळमध्ये आणि भोपाळबाहेर काय बदलावे

२०२१ पासून जैव-उत्तेजके, म्हणजे समुद्री शेवाळाचे अर्क, ह्युमिक आम्ले, अमिनो आम्ले यांच्या बाटल्या, खत नियंत्रण आदेश १९८५ च्या कक्षेत आल्या. विक्रीपूर्वी त्यांच्या परिणामकारकतेच्या चाचण्यांची आकडेवारी द्यावी लागते. हे चांगले झाले. पण बाटलीची चाचणी म्हणजे नेमका तिसऱ्या मुद्द्यातला प्रसंग: एक उपाशी कंट्रोल, काही मात्रा आणि तुलनेला दुसरे एखादे उत्पादन. एफ लक्षणीय येणारच.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. सार्वजनिक पैशातून झालेल्या किंवा विक्रीच्या परवान्यासाठी दिलेल्या प्रत्येक वाढ-प्रयोगाच्या अहवालात चार गोष्टी असाव्यात. पेरणीच्या तारखेआधी लिहिलेली प्रश्नांची यादी, तारखेसकट. पश्चात कसोटीचे पूर्ण नाव. त्रुटीचा मध्य-वर्ग आणि मुक्ततेच्या मात्रा, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः हिशेब करता येईल. आणि प्रत्येक तुलनेत नुसत्या तारका किंवा अक्षरे नकोत. फरक किती आणि त्याची खालची-वरची मर्यादा किती, हे हेक्टरी क्विंटलांत किंवा कुंडीमागे ग्रॅममध्ये लिहावे. त्या तीस रोपांच्या उदाहरणात दुसरा उपचार कंट्रोलपेक्षा ०.४९ ने जास्त होता, आणि टुकी यांच्या मर्यादा −०.२० ते १.१९. एवढे छापले की बाकी काही समजावून सांगावे लागत नाही. खालची मर्यादा शून्याच्या खाली आहे हे कुणालाही दिसते.

यासाठी नवे यंत्र नको, नवे पैसे नकोत. आर मोफत आहे. गोव्याच्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने कृषी प्रयोगांसाठी बनवलेले सांख्यिकी पॅकेजही वर्षानुवर्षे मुले वापरत आली आहेत. लागतो तो पेरणीआधीचा अर्धा तास आणि मार्गदर्शकाची सही.

रब्बीची पेरणी जवळ आली की मुले पुन्हा कुंड्या भरू लागतील. तुम्ही मार्गदर्शक असाल, तर माती चाळण्याआधी त्यांना एक कोरा कागद द्या आणि त्यावर प्रश्न लिहून घ्या. तुम्ही शेतकरी असाल आणि कुणी तुम्हाला 'प्रयोगाने सिद्ध' म्हणून बाटली दाखवली, तर दोनच गोष्टी विचारा: कशाशी तुलना केली, आणि एकूण किती तुलना केल्या?